गोव्याच्या बार्देश, पेडणे, डिचोलीतली घरं आणि जमिनी: माझ्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही दलाल आहात की सल्लागार?

व्यवहार जुळवून देतो म्हणजे दलालच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रेरा कायद्याखाली एजंट म्हणून नोंदणी आहे आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक करारपत्रावर छापलेला असतो. rera.goa.gov.in वर जाऊन तो ताडून पाहा, मग फोन करा. कागद तपासून देणं हा माझ्या कामाचा दुसरा भाग, आणि खरं सांगायचं तर वेळ तिथेच जास्त जातो. मी वकील नाही. मालकी निर्विवाद आहे की नाही, यावर लेखी मत वकीलच देतो आणि तो वकील तुम्ही निवडलेला असावा, मी सुचवलेला नव्हे.

कार्यालय म्हापशात आहे. बार्देश, पेडणे आणि डिचोली या तीन तालुक्यांत काम करतो. सासष्टी, काणकोण भागातली विचारणा आली तर तिकडच्या माणसाकडे पाठवतो. तिथल्या वाड्यावर कोणाचं कोणाशी काय चाललंय हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना गोव्यात जमिनीचं काम करू नये.

कोणत्या प्रकारचे व्यवहार करता आणि कोणते नाही?

सर्वांत जास्त काम जुन्या घरांचं: भोवतालच्या भाटासकट, म्हणजे बागायती जमिनीसकट, विकायला निघालेली, वारसांची नावं अजून न लागलेली घरं. त्यानंतर वस्तीसाठीच्या सेटलमेंट झोनमधले घरापुरते प्लॉट आणि वापरलेले फ्लॅट. नव्या प्रकल्पांतले फ्लॅट मोजकेच, तेही रेरा नोंदणी असेल तरच.

कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक मालकीच्या, जमिनीवर बांधलेलं घर मी विकायला घेत नाही, मग त्याला घरपट्टीची पावती असो, विजेचं बिल असो वा दोन्ही. पंचायत घरपट्टी घेते म्हणून घर कायदेशीर ठरत नाही. नदीकाठचा प्लॉट सीआरझेडचा, म्हणजे किनारी भागातल्या बांधकाम निर्बंधांचा, खुलासा झाल्याशिवाय दाखवत नाही. भातशेत मुळीच नाही. २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर निर्बंध आले आहेत. ‘आत्ता घ्या, पुढे झोन बदलून मिळेल’ असं जो सांगतो, त्याच्याकडून हे वाक्य कागदावर लिहून मागा.

आजवर किती व्यवहार केलेत?

आकडा टाकला असता, पण तो तुम्हाला पडताळता येणार नाही. विक्रीखतात विकणारा, घेणारा आणि साक्षीदार असतात, मध्यस्थाचं नाव सहसा नसतं. म्हणून कोणीही ‘शेकडो व्यवहार’ लिहिलं तरी उपनिबंधक कार्यालयातून ते खरं की खोटं हे कळत नाही.

त्याऐवजी मी तुम्ही घेऊ पाहता त्याच प्रकारचा व्यवहार केलेल्या जुन्या ग्राहकांशी, त्यांची परवानगी घेऊन, बोलणं करून देतो. जुनं घर बघत असाल तर जुनं घर घेतलेल्यांशी. ज्यांचा व्यवहार मोडला अशा एकाशी तरी बोला, असा माझा आग्रह असतो. पैसे परत कसे मिळाले, कागद कोणी दिले, फोन उचलला जात होता का, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

फॉर्म १ व १४ वर विकणाऱ्याचं नाव आहे. आणखी काय हवं?

पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्यांना सातबारा ठाऊक असतो आणि हा त्याचाच गोव्यातला भाऊ, म्हणून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. फॉर्म १ व १४ हा महसुलाचा उतारा आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर धरली जाते, एवढंच. मालकी त्याने ठरत नाही. मालकी ठरते ती जमीन त्या माणसाकडे कशी आली यावरून: खरेदीखत, दान, वाटणी, किंवा इन्व्हेंटरी म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणारी कोर्टातली कारवाई. १९६१ च्या आधीची साखळी असेल तर पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी आणि मात्रीज या तेव्हाच्या करनोंदीचा क्रमांकही काढावा लागतो. त्या नोंदीतल्या चतुःसीमा आजच्या सर्व्हे क्रमांकाशी जुळतात का, हे बघणं हे निम्मं काम. जुन्या नोंदीत ‘पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याचं भाट’ असं असतं. ओहोळ जागेवर असतो, अमक्याची तिसरी पिढी मुंबईत असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गोव्यात विवाह करार वेगळा केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि वारशाने आलेलीही त्यात येते. म्हणून उताऱ्यावर एकट्या पुरुषाचं नाव असलं तरी पत्नीच्या सहीशिवाय विक्री होत नाही. बहिणीचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली असली तरी तिचा हिस्सा संपत नाही, आणि तिच्यासोबत तिच्या यजमानांचीही सही लागते. ‘बहिणींनी कधी मागितलं नाही हो’ हे वाक्य ऐकलं की मी वही उघडून वंशावळ काढायला बसतो.

आणि मुटेशन, म्हणजे नावाचा फेरफार, अलीकडचा असेल तर सावध. मालकाचं कुटुंब परदेशात आहे, घर बंद आहे, आणि अचानक पोर्तुगीज काळातलं एखादं खत ‘सापडून’ त्याच्या आधारावर नाव बदललंय, या पद्धतीने गोव्यात बनावट कागदांवर जमिनी बळकावल्या गेल्या. २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा वेळी झेरॉक्स किंवा साक्षांकित प्रत बघून भागत नाही. मूळ नोंदवही मागवून ते पान त्या वहीत खरोखर आहे का, शाई आणि क्रमांकांचा क्रम बरोबर आहे का, हे बघावं लागतं. आणि गावात जाऊन विचारावं, ‘हे विकणारे बाब कधी इथे राहिलेत का?’

एखादा व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

नावगाव वगळून एक सांगतो, कारण माझ्या कामाचं बरंचसं स्वरूप त्यात येतं.

डिचोली तालुक्यातल्या एका गावात चिऱ्याचं कौलारू घर आणि भोवतालचं भाट, मिळून १,१५० चौरस मीटर. घेणारं जोडपं पुण्याचं. विकणारा थोरला मुलगा, तिथेच राहणारा. त्याने चौरस मीटरला ८,००० रुपये धरून ९२ लाख सांगितले. घर जुनं म्हणून त्यातच धरलेलं. जोडप्याला घर आवडलं होतं आणि टोकन द्यायला ते तयारच होते. मी थांबवलं.

फॉर्म १ व १४ वर नाव होतं आजोबांचं, जे कधीच वारले होते. कुळाचा रकाना रिकामा. ‘इतर हक्क’ या रकान्यात मात्र तिसऱ्याच एका माणसाचं नाव घरासह. सर्व्हे नकाशावर दोन बांधकामं दिसत होती, मोठं घर आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात एक लहान. थोरला म्हणाला, ‘तो आमचाच माणूस, वडिलांच्या वेळेपासून राहतोय, सांगितलं की जाईल.’ जागेवर गेलो तर त्या कोपऱ्यातल्या घराला विजेचा मीटर वेगळा, तुळस वेगळी, पायवाट वेगळी. चहा त्यांच्याकडेच घेतला. सुनेने सहज सांगितलं की सासू याच घरात नांदायला आली होती.

म्हणजे मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून पूर्वापार राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला काढता येत नाही, उलट घराची जागा विकत घेण्याचा त्यालाच हक्क आहे. पंचायत क्षेत्रात त्याची मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत जाते. जमिनीचा मालक म्हणजे भाटकार आणि मुंडकार यांचं जमतं की नाही हा प्रश्नच नाही. भाट विकलं तरी मुंडकार त्या जागेसोबत नव्या मालकाकडे येतो.

मग नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला काढला. मुंडकाराचे ३०० वजा जाता उरलेल्या ८५० चौरस मीटरपैकी मागचे सुमारे २५० चौरस मीटर ऑर्चर्ड म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये निघाले. म्हणजे जोडपं ज्याला १,१५० समजत होतं त्यातली बांधता येण्याजोगी जागा ६०० होती.

हिशोब पुन्हा मांडला. सेटलमेंटचे ६०० चौरस मीटर जुन्याच दराने ४८ लाख. ऑर्चर्डचे २५० चौरस मीटर झाडांपुरते, २,००० च्या दराने ५ लाख. घराच्या भिंती भक्कम होत्या पण वासे बदलायला झाले होते, म्हणून घराचे ६ लाख. एकूण ५९ लाख. थोरला चिडला, दोन महिने बोलला नाही. मग दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या वकिलाने तेच कागद बघून तेच सांगितलं, तेव्हा तो परत आला.

पुढचा क्रम महत्त्वाचा होता. आधी मुंडकाराचा विषय मामलेदारांकडे मार्गी लावला, त्याच्या नावे जागेची खरेदी झाली आणि मोजणी होऊन तो तुकडा वेगळा पडला. मुंडकार खूश, कारण कित्येक वर्षं रखडलेलं काम घेणाऱ्याच्या घाईमुळे झालं. मग वारस. आजोबांचा एकच मुलगा, म्हणजे थोरल्याचे वडील, तेही हयात नव्हते. त्यांची मुलं तीन: थोरला आणि पत्नी, मुंबईची बहीण आणि तिचे यजमान, आणि वारलेला धाकटा भाऊ. धाकट्याची विधवा गावात, मुलगा लिस्बनला, पोर्तुगीज पासपोर्टवर. विशेष नोटरीसमोर सक्सेशन डीड करून वारस कोण हे ठरवलं. हे डीड वारस ठरवतं, वाटणी करत नाही. सगळेच एकत्र विकणार होते म्हणून इथे तेवढं पुरलं. एक जरी वारस अडला असता तर इन्व्हेंटरीशिवाय गत्यंतर नव्हतं.

लिस्बनच्या पुतण्याचं कुलमुखत्यारपत्र पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलं. ते चालत नाही. परदेशात केलेला दस्त तिथे रीतसर साक्षांकित होऊन मूळ कागद इथे यावा लागतो आणि आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. शिवाय तो परदेशस्थ, त्यामुळे त्याच्या हिश्श्याच्या रकमेवर ५० लाखांवरच्या व्यवहाराला लागणारा नेहमीचा १ टक्का टीडीएस चालत नाही. कर वेगळ्या दराने आणि जास्त कापावा लागतो, आणि न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ते सनदी लेखापालाकडून करून घेतलं.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिल्यावर एक हरकत आली. शेजारच्या चुलत घराण्याची: भाटातल्या विहिरीवरून ते पिढ्यान्‌पिढ्या पाणी नेत होते. हरकत खरी होती. पाण्याचा आणि विहिरीपर्यंतच्या वाटेचा हक्क विक्रीखतातच लिहून दिला. जोडप्याला आधी ते खटकलं. मी म्हटलं, लिहून दिलं तर एक वाट जाईल, नाही लिहिलं तर कोर्टाची पायरी येईल.

सुरुवातीपासून विक्रीखतापर्यंत दीड वर्ष लागलं. ‘तीन महिन्यांत करून देतो’ असं मी कधी का म्हणत नाही, ते यावरून कळेल.

प्लॉट सेटलमेंटमध्ये आहे. म्हणजे घर बांधता येणार ना?

बहुधा, पण चार गोष्टी बघितल्यावर.

पहिली, झोनचा दाखला आजचा आहे का आणि झोन मुळात तसाच होता की नंतर बदलला. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जागा मुळातच सेटलमेंटमध्ये असेल तर बरं. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली ‘चूक दुरुस्ती’ म्हणून झोन बदललेला असेल तर मी ते प्लॉट दाखवत नाही. त्या कलमाखालचे नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले. अशा जागेचं भवितव्य काय, हे ठरवणारा मी नव्हे.

दुसरी, चढ. गोव्यात दृश्य चांगलं म्हणजे जागा उताराची, आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार असेल तर बांधकाम अडतं. जाहिरातीतल्या फोटोत उतार दिसत नाही, ड्रोन वरून घेतो. समोच्चरेषांचा नकाशा मागा. खासगी वनाच्या यादीत तो सर्व्हे क्रमांक आला असेल तर सेटलमेंट असूनही गाडी तिथेच थांबते, म्हणून वन खात्याकडेही विचारणा करावी.

तिसरी, सनद. बिगरशेतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेली सनद ‘आहे’ म्हणून भागत नाही. तिच्यासोबतचा नकाशा उघडा. प्लॉट ५०० चौरस मीटरचा आणि सनद ३०० चीच, असं पुष्कळदा असतं.

चौथी, रस्ता. जागेवर गाडी जाते आणि कागदावर रस्ता आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. तुमची गाडी ज्या वाटेने गेली ती दुसऱ्याच्या भाटातून असेल, तर त्याने उद्या गडगा घातला की तुम्ही रस्त्यावर, प्लॉट आत. म्हणून मी जागा दाखवताना सर्व्हे नकाशा सोबत ठेवतो आणि हमरस्त्यापासून आत चालत जातो.

मोपा विमानतळामुळे पेडण्यात भाव किती वाढतील?

माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याने स्वतःच्या पैशांनी जमीन घेऊन ठेवलेली बरी. विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. त्याचा परिणाम सांगितल्या जाणाऱ्या भावात आधीच धरलेला आहे. प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांत तो तितका आहे का, हा प्रश्न.

माझी पद्धत साधी आहे. त्याच गावात, शक्यतो त्याच वाड्यावर अलीकडे नोंदवलेली विक्रीखतं काढतो आणि त्यातला दर सांगितलेल्या दराशेजारी मांडतो. दोन्हींत मोठं अंतर असेल तर कारण शोधतो: कधी खतातली रक्कमच कमी दाखवलेली असते, कधी विकणाऱ्याला आकाश ठेंगणं झालेलं असतं. एकाच गावात किनाऱ्याकडचा आणि डोंगराकडचा दर जुळतच नाही. नळाचं पाणी मे महिन्यात येतं का, याने तर जुन्या रहिवाशाच्या लेखी जागेची किंमतच ठरते. विकणाऱ्याला नव्हे, शेजारणीला विचारा.

फ्लॅट घेऊन पर्यटकांना भाड्याने दिला तर किती सुटतील?

टक्केवारी देत नाही. हमीच्या परताव्याची योजना असेल त्या प्रकल्पाचं कामही घेत नाही. हमी देणारा तुमच्याच पैशातून पहिली दोन वर्षं भाडं देऊ शकतो, तिसऱ्या वर्षी तो फोन घेईल का ते बघायचं. हिशोब स्वतः करायचा असेल तर पावसाळ्याचे महिने जवळपास रिकामे धरा, देखभाल करणाऱ्या संस्थेचा वाटा, सोसायटीचा खर्च, ओल आणि बुरशीपायी दरवर्षीचा रंग हे वजा करा. पर्यटन खात्याची नोंदणी लागते आणि सोसायटीने अल्पमुदतीच्या भाड्याला मनाई केलेली नाही ना, ते खरेदीआधी वाचा, नंतर नव्हे.

नव्या प्रकल्पात काय बघता?

रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान, मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख. भाव कार्पेट क्षेत्रावर सांगितलाय ना. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही, मागितले तर तिथेच उठायचं. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंतची किंवा युनिट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणीतून सूट असते. गोव्यात असे छोटे प्रकल्प भरपूर आहेत. ते वाईट नसतात, पण तिथे तपासणीचा सगळा भार तुमच्यावर येतो. तयार इमारतीत पंचायतीचा किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी दाखला नसेल तर चावी घेऊ नका.

फी किती आणि कोणाकडून?

विक्रीच्या किमतीच्या २ टक्के, आणि एकाच बाजूकडून. घेणाऱ्यासाठी काम करत असलो तर विकणाऱ्याकडून किंवा बिल्डरकडून काही घेत नाही. बिल्डरच देणार असेल, तर तुम्हाला पहिल्याच भेटीत लेखी सांगतो आणि तुमच्याकडून घेत नाही. निम्मी रक्कम करारावेळी, निम्मी विक्रीखताच्या दिवशी. नुसते कागद तपासून हवे असतील तर ठरलेली रक्कम, आणि तपासून ‘घेऊ नका’ असं सांगितलं तरी ती द्यावी लागते. यावर काही जण नाराज होतात. पण नाही म्हणण्याचे पैसे मिळणार नसतील तर सगळेच हो म्हणतील, मीही.

टोकन कधी द्यायचं?

झोनिंग दाखला, फॉर्म १ व १४, सर्व्हे नकाशा आणि वारसांची यादी हातात आल्यावर. बँकेतून, पावती घेऊन, आणि कागदात दोष निघाला तर किती दिवसांत परत हे पावतीवर लिहून. रोख नाही.

भेटायला येताना काय आणायचं?

गावाचं नाव आणि सर्व्हे क्रमांक, उपविभागासकट. बाकीचं मी काढतो. मूळ कागद आणू नका, प्रती पुरेत. विकणारे असाल तर घरातली कोण कुठे आहे ती सगळी नावं लिहून आणा, लग्न झालेल्या मुली आणि जावईही. सोमवार ते शनिवार कार्यालय उघडं असतं, पण शुक्रवारी शक्यतो येऊ नका. म्हापशाचा बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.